फोन फुल झाला म्हणून क्लिप उडवताय? आधी या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी मला तोच मेसेज करतं, "ताई, एक क्लिप ओपनच होत नाहीये, बघ ना जरा." आणि दर वेळी गोष्ट तीच असते. शूट चालू असताना फोन भरला, घाईघाईत लॅपटॉपवर कॉपी केलं, फोनमधून सगळं डिलीट केलं आणि आठ दिवसांनी एडिटला बसल्यावर कळलं की एक क्लिप गेली. आता मी चिडते, खरंच, कारण हे दहा मिनिटांत टाळता येतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फाइल्सचा आकडा जुळला की बॅकअप झाला असं समजणं. हे मी स्वतः भोगलंय, म्हणून सविस्तर सांगते.

एका मोठ्या मुलाखतीचं दोन दिवसांचं शूट होतं, ४६ क्लिप, सगळ्या ४के ३० फ्रेमवर. माझ्या फोनवर एका मिनिटाला साधारण ३५० एमबी जातात, म्हणजे पावणेतीन तासांचं फूटेज आणि एकूण ५८ जीबी. केबल लावली आणि DCIM/Camera मधून लॅपटॉपवर कॉपी सुरू केली. मध्येच केबल हलली, फोन डिस्कनेक्ट झाला, कॉपी तुटली. परत लावली, परत पेस्ट केलं, लॅपटॉपने विचारलं की या नावाच्या फाइल्स आधीच आहेत, काय करू? मी Skip दाबलं, कारण झालेलं परत कशाला करायचं. शेवटी मोजल्या, इकडे ४६ तिकडे ४६, झालं, फोन रिकामा केला.

आता नेमकं काय झालं ते बघा. केबल हलली त्या क्षणी जी फाइल जात होती ती अर्धवट लिहिली गेली होती, पण नाव तेच. Skip दाबल्यावर लॅपटॉपने ती अर्धवट फाइलच "झालेली" धरली. मूळ क्लिप २.३ जीबीची होती, लॅपटॉपवर आली ६१२ एमबी. प्लेअरने सरळ सांगितलं की उघडता येत नाही. बहुतेक फोन एमपी४ फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे कुठली फ्रेम कुठे आहे हा हिशोब, रेकॉर्डिंग थांबवल्यावर फाइलच्या शेवटी लिहितात. शेपूट तुटलं की आत चित्र असूनही प्लेअरला काही कळत नाही. अशी फाइल ffprobe या फाइल तपासणाऱ्या फुकट टूलला दिली की तो `moov atom not found` म्हणतो, ते दिसलं की समजायचं फाइल अर्धवट आहे.

untrunc नावाच्या फुकट टूलने मी थोडं वाचवलं. त्याला त्याच फोनवर त्याच सेटिंगमध्ये शूट केलेली एक चांगली क्लिप नमुना म्हणून द्यावी लागते, मग तो अनुक्रमणिका नव्याने बांधतो. पण जे लिहिलंच गेलं नाही ते कुठून येणार? साडेसहा मिनिटांतली जेमतेम पावणेदोन मिनिटं हाती लागली. आणि फोनमधून मी केबलवरूनच डिलीट केलं होतं, ते गॅलरीच्या ट्रॅशमध्ये जात नाही, थेट उडतं. आजकालच्या फोनची मेमरी एन्क्रिप्टेड असते आणि डिलीट झालेली जागा फोन स्वतःच साफ करत राहतो, त्यामुळे रिकव्हरी अ‍ॅपवर भरवसा ठेवू नका, पैसे जातील आणि क्लिप येणार नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी. फोनचं फोल्डर आणि लॅपटॉपचं फोल्डर शेजारीशेजारी उघडायचे, दोन्हीकडे साइजचा कॉलम दिसेल असं करायचं, साइजप्रमाणे लावायचं आणि वरून खाली एकेक ओळ नजरेखालून घालायची. एकूण बेरीज मात्र फोनच्या स्क्रीनवरची आणि विंडोजवरची जुळवत बसू नका. बरेच फोन १००० ने भागतात आणि विंडोज १०२४ ने, त्यामुळे फोनवरचे ५८ जीबी विंडोजमध्ये ५४ दिसतात आणि माणूस उगाच घाबरतो. मग प्रत्येक क्लिप उघडून थेट शेवटच्या पाच सेकंदांवर उडी मारायची. हो, प्रत्येक. कंटाळवाणं आहे, माहितीये, पण ज्यांना एवढी दहा मिनिटं नको असतात त्यांचेच मेसेज मला येतात.

लॅपटॉपवरून बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी कॉपी मी ड्रॅग करून करतच नाही, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही एक ओळ चालवते:

```
robocopy D:\2025-03-14_Interview E:\2025-03-14_Interview /E
```

मध्येच तुटलं तर तीच ओळ परत. साइज वेगळा असलेली फाइल तो आपणहून पुन्हा कॉपी करतो, Skip सारखा फसवत नाही. फक्त /MOV किंवा /MIR लावू नका, पहिला कॉपी झालं की मूळ फाइल उडवतो आणि दुसरा पलीकडच्या जास्तीच्या फाइल्स. आणि फोनवरून Cut तर कधीच नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक, क्लाउडवर आहे ना, मग बॅकअप आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप Storage saver वर असेल तर व्हिडिओ दाबून लहान होतो आणि ४के वरून १०८० वर येतो, त्यानंतर Free up space दाबलं की फोनमधली मूळ क्लिप गेली, उरली ती दाबलेली. शूटच्या आधीच सेटिंग Original quality वर आहे का बघा, नंतर बदलून जुन्या क्लिप परत मोठ्या होत नाहीत. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल तर गॅलरीतून डिलीट केलेली क्लिप क्लाउडमधूनही जाते, कारण ते सिंक आहे, एकीकडे केलं ते दुसरीकडे होणार. कच्च्या फूटेजसाठी मी क्लाउड तिसरी कॉपी म्हणून धरते, पहिली नाही. २० एमबीपीएस अपलोडवर ५८ जीबी चढवायला साडेसहा तास लागतात, आणि तेवढ्यात कोणीतरी फोन रिकामा करतंच.

बाकीच्या छोट्या गोष्टी. कच्ची क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दाबली जाते, पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून. पेन ड्राइव्हवर मोठी क्लिप जात नसेल तर तो बहुधा एफएटी३२ आहे, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही, आतलं काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

राहिली फोल्डरची गोष्ट. आधी एडिट सुरू करायचं आणि मग फाइल्स आवरायच्या हे उलटं आहे. एडिटिंग सॉफ्टवेअर सहसा क्लिप स्वतःकडे घेत नाही, फक्त तिचा पत्ता लिहून ठेवतं. टाइमलाइन अर्धी झाल्यावर तुम्ही फोल्डरचं नाव बदललं की सगळ्या क्लिप ऑफलाइन. म्हणून मी आधी हे बनवते, मगच सॉफ्टवेअर उघडते:

```
2025-03-14_Interview
  01_RAW
    PhoneA
    PhoneB
  02_AUDIO
  03_PROJECT
  04_EXPORT
```

दोन फोन असतील तर दोन फोल्डर पाहिजेतच, कारण दोन आयफोनवर IMG_0412 नावाच्या दोन वेगळ्या क्लिप सहज निघतात आणि एकाच फोल्डरमध्ये टाकताना Replace दाबलं की एक गेली. RAW मधल्या फाइल्सची नावं मी बदलत नाही, नकोशा क्लिप आत _nako नावाच्या फोल्डरमध्ये ढकलते, तेही एडिट सुरू व्हायच्या आधी.

फोन रिकामा करते ते दोन्ही डिस्कवर क्लिप शेवटापर्यंत चालवून बघितल्यावरच, आणि तेव्हाही फोनवरच गॅलरीतून डिलीट करते, केबलवरून नाही, म्हणजे क्लिप आधी ट्रॅशमध्ये जातात. आयफोनवर Recently Deleted मध्ये ३० दिवस राहतात. ट्रॅशमध्ये असेपर्यंत जागा मोकळी होत नाही, त्यामुळे "डिलीट केलं तरी फोन फुलच" असं वाटलं तर बिघाड नाहीये तो. पुढच्या शूटच्या आदल्या रात्री ट्रॅश रिकामा करते, त्याआधी नाही.