टफ म्हणजे कठीण नव्हे: इन्सर्टच्या मराठी तक्त्यातल्या या चुका टाळा

सोलापुरात चिंचोळी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये नव्या पोरांसाठी मी इन्सर्टचा, म्हणजे लेथच्या टूलवर बसवायच्या कापणाऱ्या तुकड्यांचा, तक्ता मराठीत केला होता: धारेला काय झालं की काय करायचं. त्यातल्या एका शब्दाने एका दिवसात दोन धारा खाल्ल्या.

काम साधं होतं. ईएन ८ स्टीलचा ४५ मिमी व्यासाचा शाफ्ट, त्यावर आधीच किल्लीची खाच पाडलेली, आणि बाहेरून टर्निंग. खाचेमुळे दर फेऱ्याला धारेला एक ठोका बसत होता. इन्सर्ट सीएनएमजी १२०४०८, ग्रेड पी २५, कटिंग स्पीड मिनिटाला १८० मीटर, फीड फेऱ्याला ०.२५ मिमी. धारेचे टवके उडायला लागले. ट्रेनीने तक्ता पाहिला. तिथे मी लिहिलं होतं, 'अधिक कठीण ग्रेड वापरा.' त्याने पी १५ लावला आणि दुसऱ्याच नगाला कोपरा गेला. दुसरा कोपरा फिरवून लावला, तोही गेला.

पोराचं काही चुकलं नव्हतं. मूळ सूचना 'टफ' ग्रेड घ्या अशी होती. शब्दकोशात टफचे कठीण आणि चिवट असे दोन्ही अर्थ मिळतात, आणि मी पहिला उचलला. इन्सर्टच्या बाबतीत हे दोन गुण एकमेकांच्या उलट बाजूला जातात. आयएसओ ५१३ प्रमाणे स्टीलसाठीचा पी गट पी ०१ पासून पी ५० पर्यंत जातो. आकडा लहान तसा इन्सर्ट कठीण, झीज कमी, स्पीड जास्त झेपतो. आकडा मोठा तसा तो चिवट, ठोके सोसतो, पण लवकर झिजतो.

आता मी हा फरक भाकरीवरून सांगतो. आपली कडक भाकरी दाबली की कटकन मोडते. ताजी, मऊ भाकरी वाकते, मोडत नाही. कडकपणा वेगळा, चिवटपणा वेगळा, हे इथल्या पोराला लगेच पटतं. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्यालाही पटतं, कारण भाकरी सगळ्यांच्याच ताटात असते.

त्या शाफ्टला शेवटी पी ३५ लावला आणि स्पीड १४० वर आणला, म्हणजे सुमारे १२७० ऐवजी ९९० आरपीएम. धार टिकली. स्पीड कमी करणं गरजेचं होतं, नाहीतर चिवट ग्रेड उष्णतेने लवकर झिजला असता.

याच तक्त्यात 'ग्रेड' साठी 'दर्जा' हा शब्दही मी वापरला होता. तोही काढला. दर्जा म्हटलं की पी १० चांगला की पी ४० चांगला, असा प्रश्न येतो. यात चांगलं-वाईट काही नाही, काम कुठलं ते बघायचं. ग्रेडला ग्रेडच म्हणा.

दुसरा घोळ 'चिपिंग'चा. एका तक्त्यात त्याचं भाषांतर 'चिप निघणे' असं पाहिलं. चिप तर दर कटला निघतेच! धारेचा कण उडतो त्याला 'टवका उडणे' म्हणा, कापून निघालेल्या धातूला 'चिप'. भिंगातून पाहिल्यावर धार खडबडीत, दातेरी दिसली तर टवके उडालेत; धारेखाली सारखा, चकचकीत पट्टा दिसला तर ती झीज आहे. टवक्यांवर आधी चिवट ग्रेड, झिजेवर आधी स्पीड कमी किंवा कठीण ग्रेड. शब्द चुकला की उपायही उलटा होतो.

रेक कोनाला 'उतार कोन' म्हणू नका, कारण क्लिअरन्सलाही लोक उतारच म्हणतात. चिप ज्या पृष्ठावरून सरकते त्याचा कोन रेक, आणि धारेखालची बाजू जॉबला घासू नये म्हणून ठेवलेली मोकळी जागा क्लिअरन्स. 'निगेटिव्ह इन्सर्ट'चं 'ऋण इन्सर्ट' केलं की पोरं समजतात, कापताना रेक नेहमी ऋणच असतो. सीएनएमजीमधलं दुसरं अक्षर एवढंच सांगतं की इन्सर्टला स्वतःचा क्लिअरन्स शून्य आहे. हा क्लिअरन्स होल्डरमध्ये इन्सर्ट तिरका बसवून मिळतो. पण इन्सर्टच्या वरच्या पृष्ठावरच्या खाचेमुळे प्रत्यक्ष रेक धन होऊ शकतो.

ती खाच म्हणजेच चिप ब्रेकर. 'ब्रेकर' ऐकून मुलं समजतात की तो भाग काहीही झालं तरी चिप तोडणारच. तो ठरावीक फीड आणि डेप्थमध्येच काम करतो. रफिंगचा ब्रेकर ०.१ फीडला लावला की चिप खाचेत वळतच नाही, लांब दोरा होऊन जॉबला गुंडाळते. म्हणून मी 'चिप वळवणारी खाच' असं लिहितो आणि शेजारी बॉक्सवरची फीड-डेप्थची मर्यादा देतो.

तक्ता छापण्याआधी इंग्रजी न वाचणाऱ्या एका ट्रेनीला द्या आणि विचारा: टवके उडताहेत, पी २५ लावलाय, आता कुठला बॉक्स उघडशील? त्याने पी १५ उचलला, तर शब्द अजून बदलायचा आहे.