घाट उतरताना ब्रेक तापतात ते कशामुळे? या चुका टाळा

महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटानं उतरत होतो. गाडीत पाच जण, डिकी सामानानं भरलेली, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. वेग चाळीसच्या आसपास, म्हणजे मी स्वतःला सावकाश चालवणारा समजत होतो. पण उजवा पाय ब्रेकवरून जवळजवळ उचललाच जात नव्हता. वाडा कुंभरोशी यायच्या आधी केस जळल्यासारखा उग्र वास आला. मागच्या सीटवरून मावशी म्हणाली, "पुढच्या ट्रकचा असेल रे." मीही तेच धरून चाललो. दोन वळणांनंतर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं आणि वास आपल्याच गाडीचा आहे हे कळलं.

चूक वेगाची नव्हती, गिअरची होती. महाबळेश्वर ते पोलादपूर साधारण ४० किलोमीटरमध्ये रस्ता सुमारे १३०० मीटर खाली येतो. माणसं-सामानासकट १४०० किलोची गाडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा बाहेर पडते, तिच्यात ५० लिटर गार पाणी उकळेल. टायर आणि हवा त्यातला बराच वाटा उचलतात. उरलेला इंजिननं घ्यायचा की चार चाकांच्या ब्रेकनी, हे तुम्ही गिअर टाकताना ठरवता.

'ब्रेक दाबून धरू नका, दाबा-सोडा, दाबा-सोडा' हा सल्ला सगळे देतात. तो अर्धाच आहे. तिसरा गिअर तसाच ठेवून दाबा-सोडा केलं, तरी ब्रेकना जवळपास तेवढीच उष्णता गिळावी लागते. आधी गिअर खाली हवा, ब्रेकची पद्धत त्यानंतर.

गिअर बरोबर आहे का हे बघायची सोपी रीत अशी: समोर सरळ उतार दिसला की दोन्ही पाय पेडलांवरून काढा आणि पाच-सहा सेकंद थांबा. वेग वाढतच राहिला तर गिअर वरचा आहे, एक खाली या. ॲक्सिलरेटर द्यावासा वाटला तर एक वर. वेग जिथल्या तिथे राहिला किंवा हळूहळूच वाढला, तर गिअर योग्य. तीव्र उतारावर बहुतेक छोट्या गाड्यांना दुसरा लागतो, इंजिनचे फेरे ३००० च्या आसपास आणि वेग तीसच्या जवळ. आवाज वाढतो, घरचे विचारतात "गाडीला काही होत नाही ना?" काही होत नाही. काटा लाल पट्ट्यापासून लांब असेल तर इंजिन मजेत आहे. शिवाय इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. त्यामुळे 'न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवतो' म्हणणाऱ्याचं तेही वाचत नाही. इंजिनच बंद करणाऱ्यांचं तर बोलायलाच नको: दोन-तीन दाबांत ब्रेकचा बूस्टर संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंगही जड पडतं.

गिअर बदलायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. ब्रेकनं वेग उतरवा, गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा, मग वळा. क्लच दाबून वळण घेणं म्हणजे ऐन गरजेच्या वेळी न्यूट्रलच. ऑटोमॅटिकवाले घाटभर 'डी'मध्येच राहतात. 'एल', 'टू' किंवा मॅन्युअल मोड दिलेला असतो तो याच कामासाठी. इलेक्ट्रिक गाडीची एक गंमत: वरच्या हॉटेलात बॅटरी पूर्ण भरून निघालात, तर उतरताना तयार होणारी वीज ठेवायला जागाच उरत नाही आणि गाडी स्वतःहून वेग धरून ठेवण्याचं काम कमी करते. थोडी रिकामी ठेवूनच निघा.

आता बिघाड ओळखण्याचं. तापलेले ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि पायाला फरक कळतो. पेडल कडक आहे, जोर लावला तरी गाडी धरत नाही, तेव्हा पॅड तापून पकड सुटलेली असते. पेडल मऊ लागतं, खाली खाली जातं, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून नळ्यांत वाफ झालेली असते. माझं दुसरं होतं. नवं डॉट-३ ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ओल शोषलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा १४० अंश धरलेली आहे. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. माझं किती जुनं होतं ते विचारू नका.

पेडल मऊ झालं तर ते भराभर पंप करा, थोडा दाब परत येतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम नको, मागची चाकं अडकून गाडी फिरते. तेही पुरलं नाही तर गाडी डोंगराच्या बाजूला घासू द्या.

नुसता वास येत असेल आणि पेडल ठीक असेल, तर लगेच थांबू नका. दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये ब्रेकला जमेल तितका हात न लावता सावकाश चालत राहा. चाकांना वारा लागू द्या आणि जागा निवडून थांबा. वळणाच्या आतल्या बाजूला थांबलात तर मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. हेअरपिनच्या बाहेरची रुंद जागा मोहात पाडते, पण तिथूनच ट्रक आणि एसटी वळण घेतात. पावसाळ्यात दरीकडची कडा भुसभुशीत असते आणि डोंगराकडे दरडीची भीती. सरळ रस्ता, मागच्याला निदान शंभर मीटरवरून दिसाल अशी जागा, पूर्ण गाडी पांढऱ्या पट्टीबाहेर जाईल इतकी रुंदी, एवढं मिळालं की घ्या. वेग डांबरावर असतानाच कमी करा, खडीवर गेल्यावर ब्रेक दाबला की चाकं घसरतात. अशाच मोकळ्या जागा मागच्या गाड्यांना पुढे सोडायलाही वापरा. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा तर नियमच आहे.

आंबेनळीत मी आता वास येवो न येवो, वाडा कुंभरोशीला थांबतोच. प्रतापगडाचा फाटा तिथेच आहे, खाली पोलादपूरपर्यंतचा उतार अजून बाकी असतो आणि चहाचं निमित्तही मिळतं. त्या दिवशी तिथे उतरून चाकापासून वीतभर लांब तळवा धरला, तर चुलीसमोर धरल्यासारखी धग. मी पाण्याची बाटली उघडली, तेवढ्यात शेजारचा ट्रक ड्रायव्हर ओरडला, "पाणी नका मारू दादा, डिस्क वाकडी होईल. असंच राहू द्या." अर्ध्या तासानं पेडल पुन्हा घट्ट झालं होतं. म्हणून सगळं ठीक झालं असं नाही, वाफ निवली होती इतकंच. पुढचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो आणि पोलादपूरला ऑइल बदलूनच पुढे निघालो.

तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक कचकचून ओढून ठेवू नका. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर इंजिन बंद करून रिव्हर्स गिअर टाका, पुढची चाकं डोंगराकडे वळवा आणि चाकाच्या पुढे, उताराच्या बाजूनं, दगड लावा. निघताना तो दगड उचलून कडेला टाका. मागून येणाऱ्या दुचाकीला तो वळण संपल्याशिवाय दिसत नाही.