वरण तोलू नका! आठवड्याच्या प्रोटीनच्या किराणा यादीतल्या या चुका टाळा

आमच्या घरात आम्ही दोघं, चौदा वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगी. आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे दिवसाला साधारण ५४, ४६, ४५ आणि ३३ ग्रॅम प्रोटीन लागतं. आठवड्याचं झालं जवळपास १,२५० ग्रॅम.

आता ती चूक, जी मला रोज कुणी ना कुणी करताना दिसते. तक्त्यात तूरडाळीपुढे शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन लिहिलेलं असतं, ते कोरड्या डाळीचं. मी मात्र पहिल्या यादीच्या वेळी वरणाची वाटी काट्यावर ठेवली. भरली दीडशे ग्रॅम, म्हणून लिहिले ३३. चार वाट्या रोज, म्हणजे आठवड्याला ९२४! खूश होऊन मटकी, चवळी यादीतून काढली आणि दूधही अर्ध्यावर आणलं. तीन आठवड्यांनी डबा बघते तर आठवड्याला डाळ संपतेय जेमतेम सातशे ग्रॅम. त्यात प्रोटीन फक्त १५४ ग्रॅम. बाकी सगळं नळाचं पाणी. तेव्हापासून मी शिजलेलं काहीच तोलत नाही. डाळीची पिशवी फोडली की तिच्यावर पेन्सिलने तारीख टाकते. पिशवी किती दिवस पुरली, त्यावरून हिशेब.

मोड आलेल्या मटकीचं तेच. भिजून वजन दुप्पट होतं, प्रोटीन तेवढंच राहतं.

दुसरी चूक म्हणजे धान्य न धरणं. नवशिके थेट पावडरच्या डब्याकडे धावतात आणि पोळीला शून्य देतात. आमच्याकडे आठवड्याला सव्वाचार किलो कणीक लागते, तिच्यातून साधारण ४६० ग्रॅम प्रोटीन मिळतं. पावणेदोन किलो तांदळातून १३०. म्हणजे निम्म्याच्या आसपास काम इथेच झालं. उरले ६६०. त्यासाठी एक किलो तूरडाळ, एक किलो कडधान्यं आणि सात लिटर दूध, प्रत्येकी सुमारे २२० ग्रॅम. झाली यादी. कडधान्यं मी मटकी, मूग, हरभरा अशी मिसळून घेते, नाहीतर मुलं तिसऱ्या दिवशी ताट सरकवतात. धान्यात जे अमिनो आम्ल कमी पडतं, ते लायसिन डाळीत भरपूर असतं, म्हणून नुसती कणीक वाढवून भागत नाही.

चहात गेलेलं दूधही दूधच, ते धरा. उपासाच्या साबुदाण्यात मात्र प्रोटीन जवळजवळ नाही. त्या दिवशी दाण्याचं कूट आणि दही सढळ हाताने घाला.

सोया चंक्स कोरडे शंभर ग्रॅम म्हणजे ५२ ग्रॅम, हे खरं. पण म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्धा किलो आणू नका. आमची तशी एक पिशवी वर्षभर फडताळात होती.