बंद पथदिव्याचा अर्ज : मराठीत आणि इंग्रजीत

महानगरपालिकेच्या विद्युत विभागाकडे अर्ज करताना विषयाच्या ओळीतच खांबाचा क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ ‘खांब क्र. 47 वरील पथदिवा बंद असल्याबाबत’. क्रमांक पुसला गेला असल्यास लगतच्या इमारतीचे नाव आणि रस्त्याची बाजू लिहावी. मजकूर असा असावा : ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर खांबावरील दिवा दि. 3 जूनपासून बंद असून लगतचे दोन्ही दिवे सुरू आहेत. तरी दुरुस्तीबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी.’ लगतच्या दिव्यांचा उल्लेख अनावश्यक वाटेल, पण त्यावरूनच बिघाड एका दिव्यापुरता असावा असा अंदाज बांधता येतो. संपूर्ण रांग बंद असल्यास बिघाड बहुधा केबलमध्ये किंवा नियंत्रण पेटीत असतो आणि त्यासाठी वेगळी तयारी लागते.

इंग्रजी प्रत करताना अर्जाचा हा मजकूर तोडून तीन छोटी वाक्ये करावीत आणि ‘उपरोक्त’, ‘सदर’ हे शब्द सरळ गाळावेत. मराठीत ‘बंद आहे’ असा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत मात्र ‘हॅज नॉट बीन वर्किंग सिन्स 3 जून’ अशी चालू पूर्ण वर्तमानकाळाची रचना लागते. ‘कार्यवाही व्हावी’ऐवजी ‘प्लीज रिपेअर इट’ असे थेट लिहिणे इंग्रजीत उद्धट ठरत नाही. दोन्ही प्रतींत तारीख व खांब क्रमांक तंतोतंत जुळवावेत, आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी.