एका सेटिंगमध्ये किती नग काढावेत?

समजा तुमच्या प्रेस शॉपमध्ये एक ब्रॅकेट बनतो आणि तो शेजारच्याच असेंब्ली लाइनवर लागतो. वर्षाला २४,००० नग लागतात, म्हणजे ३०० कामाच्या दिवसांत रोज ८०. प्रेस मात्र दिवसाला ४०० नग काढते. मग डाय एकदा चढवली की किती काढून उतरवायची?

विकत घेतलेला माल एकदम येतो. घरचा माल रोज थोडा थोडा तयार होतो आणि त्यातला काही लगेच खर्चही होतो. इथे रोज ४०० बनतात, ८० जातात, म्हणून साठा ३२० नेच वाढतो. हा फरक धरून ई. डब्ल्यू. टॅफ्ट यांनी १९१८ मध्ये सूत्र मांडलं.

आधी सेटिंगचा खर्च काढा. डाय बदलताना वाया जाणारे सुरुवातीचे नग, सेटरचा जादा वेळ, पहिला नग तपासणं, सगळं मिळून समजा ९०० रुपये. सेटर पगारी आहे आणि त्याला तेव्हा दुसरं काम नाही, तर त्याचा पगार यात धरू नका. तो खर्च लॉट मोठा केल्याने वाचत नाही. पण त्या वेळात प्रेसवरचं दुसरं काम अडत असेल, तर ते नुकसान जरूर धरा.

मग साठवणुकीचा खर्च. ४० रुपयांच्या नगावर व्याज, जागा, गंज धरून वर्षाला १५ टक्के म्हणजे ६ रुपये.

```
लॉट = √( २ × वार्षिक मागणी × सेटिंग खर्च
        ÷ ( साठवण खर्च × (१ − रोजची मागणी ÷ रोजचं उत्पादन) ) )

    = √( २ × २४,००० × ९०० ÷ (६ × ०.८) ) = ३,०००
```

म्हणजे वर्षात ८ लॉट, प्रत्येक साडेसात दिवसांचा. साठा जास्तीत जास्त २,४०० वर जातो, सरासरी १,२०० राहतो. पडताळा सोपा आहे: सेटिंगचे ७,२०० आणि साठवणुकीचेही ७,२०० रुपये. दोन्ही जुळले नाहीत तर आकडेमोडीत चूक आहे.

रोजचं उत्पादन मशीनच्या कॅटलॉगमधून घेऊ नका. उत्पादन रजिस्टरमधला चांगल्या नगांचा प्रत्यक्ष आकडा घ्या.

३,००० ला चिकटून बसायची गरज नाही. २,००० चा लॉट घेतला तर वर्षाचा खर्च १४,४०० वरून १५,६०० होतो, ६,००० चा घेतला तर १८,०००. म्हणून कॉइल किंवा ट्रॉली पुरी भरेल असा जवळचा आकडा खुशाल घ्या.

त्याच प्रेसवर आणखी चार डाय चालत असतील, तर प्रत्येकीचा लॉट वेगळा काढून भागत नाही. एक लॉट चालू असताना दुसऱ्या भागाचा साठा संपतो आणि लाइन थांबते. तेव्हा सगळ्या भागांची एकच फेरी ठरवावी लागते. आणि डाय बदलायला लागणारा खर्च चौथाईवर, २२५ रुपयांवर आणलात, तर हाच लॉट १,५०० होतो आणि साठ्याची जागाही निम्मी लागते.