बागेच्या खर्चातला फक्त औषधाचा खर्च वेगळा कसा काढायचा (SUMIF वापरून)

तासगाव, मिरज भागात बरेच जण आता द्राक्षबागेचा खर्च वहीत न लिहिता मोबाईलवर गुगल शीटमध्ये टाकतात, ते चांगलंच आहे, पण बहुतेकांच्या शीटमध्ये खाली एकच एकूण बेरीज असते. मग कुणी विचारलं की औषधाला किती गेले, मजुरीला किती गेले, की कॅल्क्युलेटर काढून एकेक ओळ शोधत बसायचं. हे काम SUMIF नावाचा फॉर्म्युला करतो. एक्सेल, गुगल शीट दोन्हीकडे तो सारखाच चालतो.

आधी शीट कशी हवी ते बघू. एका ओळीत एकच खर्च आणि खर्चाच्या प्रकाराला स्वतंत्र कॉलम, एवढं पाळलं तरी बस. "छाटणी मजुरी 6000 आणि पेस्ट 1800" असं एकाच खान्यात लिहिलं असेल तर कुठलाच फॉर्म्युला काही करू शकत नाही. उदाहरणाला ऑक्टोबर छाटणीनंतरच्या काही नोंदी घेऊ (आकडे समजण्यापुरते आहेत, ह्यावरून बागेचं बजेट काढू नका):

```
   A           B      C              D
1  तारीख       प्रकार   तपशील          रक्कम
2  03/10/2024  मजुरी   छाटणी          6000
3  04/10/2024  औषध    पेस्ट           1800
4  05/10/2024  मजुरी   पेस्ट लावणे      1500
5  08/10/2024  खत     शेणखत         4200
6  12/10/2024  औषध    डावणी फवारणी   2350
7  15/10/2024  डिझेल   ट्रॅक्टर         1100
8  19/10/2024  औषध    डावणी फवारणी   2650
9  21/10/2024  मजुरी   फेलफुटी काढणे   2400
```

आता बाजूला F कॉलममध्ये F2 पासून खाली प्रकारांची नावं लिहा, मजुरी, औषध, खत, डिझेल. मग G2 मध्ये हे टाका:

```
=SUMIF($B$2:$B$200,F2,$D$2:$D$200)
```

ह्याचा अर्थ एवढाच की B कॉलममध्ये बघ, जिथं F2 मधलं नाव सापडेल त्या ओळीची D मधली रक्कम घे आणि सगळ्यांची बेरीज कर. कंस चालू, कुठं शोधायचं, काय शोधायचं, काय मिळवायचं, कंस बंद. 200 पर्यंत रेंज मुद्दाम धरलीय, म्हणजे पुढच्या नोंदी टाकत गेलात की त्या आपोआप बेरजेत येतात. डॉलरची खूण असल्यामुळे फॉर्म्युला खाली G5 पर्यंत ओढला तरी रेंज सरकत नाही, फक्त F2 चं F3, F4 होत जातं. वरच्या नोंदींवर मजुरी 9900, औषध 6800, खत 4200 आणि डिझेल 1100 यायला पाहिजे.

इथपर्यंत सोपं आहे. खरी भानगड अशी की SUMIF कधी तक्रार करत नाही. एखादी ओळ त्याला जुळली नाही तर लाल अक्षरात एरर वगैरे काही येत नाही, तो गपगुमान ती ओळ सोडतो आणि कमी बेरीज दाखवतो, आणि ती बेरीज दिसायला एकदम खरी वाटते.

ओळ सुटते ती मुख्यतः नावामुळे. "मजुरी" आणि "मजूरी" आपल्याला एकच, शीटला दोन. "औषध", "औषधं", "औषधे" हे तर तीन झाले. आणि सगळ्यात चीड आणणारा प्रकार म्हणजे मोबाईलच्या कीबोर्डवर सुचवलेला शब्द दाबला की तो शब्दानंतर स्वतःच एक स्पेस टाकतो, मग खान्यात "औषध" नसतं, "औषध " असतं, आणि डोळ्याला फरक दिसतच नाही. समजा 12 तारखेच्या ओळीत असं झालं, तर औषधाची बेरीज 6800 ऐवजी 4450 येईल.

हे पकडायला G6 मध्ये अजून एक फॉर्म्युला ठेवा:

```
=SUM(D2:D200)-SUM(G2:G5)
```

म्हणजे सगळ्या खर्चाची बेरीज वजा प्रकारवार बेरजांची बेरीज. उत्तर 0 आलं पाहिजे. वरच्या केसमध्ये 22000 मधून 19650 वजा होऊन 2350 येतील, आणि हा फरकच सांगतो कुठं बघायचं, रकमेच्या कॉलममध्ये 2350 शोधा, ती ओळ सापडली. दोनतीन ओळी सुटल्या असतील तर फरक एका ओळीशी जुळणार नाही, तेव्हा B कॉलमला फिल्टर लावून बघा, कुठली कुठली नावं आलीत ते यादीतच दिसतं. ओळ सापडली की तिथं प्रकार नव्याने टाईप करा.

पण ही तपासणी एका ठिकाणी फसते. कुणी रक्कम "2350/-" किंवा "2350 रु" अशी लिहिली तर शीटच्या दृष्टीने तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. मग SUMIF पण ती सोडतो आणि SUM पण सोडतो, दोन्ही बाजूंनी सारखेच कमी होतात आणि फरक 0 च येतो! म्हणून रकमेसाठी वेगळी तपासणी लागते, ती G7 मध्ये ठेवा:

```
=COUNTA(D2:D200)-COUNT(D2:D200)
```

COUNTA भरलेले सगळे खाने मोजतो, COUNT फक्त आकडे असलेले. इथं 1 आला तर एका खान्यात आकड्याच्या जागी मजकूर आहे. तो ओळखायचा कसा, तर अलाइनमेंटला हात लावला नसेल तर आकडे खान्यात उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. रुपयाची खूण पाहिजेच असेल तर टाईप करू नका, खान्याच्या फॉरमॅटमध्ये करन्सी निवडा.

नावाची कटकट कायमची मिटवायची असेल तर B कॉलमला ड्रॉपडाऊन लावा. कॉम्प्युटरवर B2:B200 सिलेक्ट करून Data मेनूतून Data validation उघडा आणि यादी म्हणून $F$2:$F$5 द्या, नंतर मोबाईलवरून नोंद टाकताना पण टाईप न करता यादीतून निवडता येतं. माझ्या मते हे पहिल्या दिवशीच करावं, हंगाम अर्ध्यावर आल्यावर 150 ओळी सुधारत बसणं जीवावर येतं.

शेवटी, अटी दोन असतील तर. समजा छाटणीपासून पहिल्या 15 दिवसात औषधाला किती गेले ते पाहिजे, म्हणजे 3 ते 17 ऑक्टोबर. इथं SUMIFS लागतो, शेवटी S असलेला. ह्यात क्रम उलटा आहे, रकमेचा कॉलम आधी येतो आणि अटी नंतर, SUMIF ची सवय झालेली माणसं इथंच अडकतात.

```
=SUMIFS(D2:D200,B2:B200,"औषध",A2:A200,">="&DATE(2024,10,3),A2:A200,"<"&DATE(2024,10,18))
```

उत्तर 4150, पेस्टचे 1800 आणि 12 तारखेच्या फवारणीचे 2350. 19 तारखेची फवारणी बाहेर राहिली.

आणि इथं 0 किंवा काहीतरी विचित्र आकडा आला तर तारखा तपासा. गुगल शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर 03/10 म्हणजे तिला 10 मार्च वाटतो, आणि 15/10 ला तर ती तारीखच मानत नाही कारण पंधरावा महिना नसतो. File मध्ये Settings उघडून Locale ला India करा. पण आधी टाकलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत, त्या परत टाईप कराव्या लागतात.