रिव्ह्यूला उत्तर लिहिण्याआधी टेबलावर काय काय हवं

समजा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या गूगल पानावर कोल्हापूरकडच्या पंपवाल्या पार्टीने एक तारा देऊन लिहिलंय: ‘200 कव्हर मागवली. आठ दिवस उशीर. मशिनिंगला 14 नगांत ब्लोहोल. फोन कुणी उचलत नाही.’ मोबाईलवर हे वाचल्या वाचल्या उत्तर टाइप करायला घेऊ नका. आधी कागदावर तक्रारीचे तुकडे पाडा. इथे ते तीन आहेत, उशीर, ब्लोहोल आणि फोन. तिन्हींचा तपास वेगवेगळा करायचा.

उशिरासाठी पीओ, ड्रॉइंगबद्दलचे मेल, चलन आणि ई-वे बिल काढून ठेवा. पीओत 10 तारीख आहे आणि ई-वे बिलावर 18, म्हणजे आठ दिवस खरे. पण 3 तारखेला पार्टीनेच बदललेलं ड्रॉइंग पाठवल्याचा मेल सापडतो, आणि ‘बघा, चूक त्यांचीच’ म्हणून हात शिवशिवायला लागतात. तेव्हा एकच गोष्ट तपासा: ड्रॉइंग बदलल्यावर आपण नवी तारीख लेखी कळवली होती का? नसेल, तर पार्टीच्या हिशेबात 10 तारीखच कायम होती.

ब्लोहोलचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण इथे दोघंही खरं बोलत असू शकतात. वायूची पोकळी पुष्कळदा कास्टिंगच्या वरच्या थराखाली दडलेली असते. नुसत्या नजरेच्या तपासणीत नग ‘ओके’ होतो आणि पार्टीच्या लेथवर दोन-तीन मिलिमीटर कट घेतला की भोक उघडं पडतं. म्हणून ‘आमच्याकडून माल तपासूनच गेला’ हे वाक्य खरं असूनही निरुपयोगी आहे. त्याऐवजी बाद नगांचे फोटो आणि हीट नंबर मागवा. चौदाच्या चौदा एकाच हीटचे निघाले, तर त्याच हीटचे बाकीचे नगही पार्टीला बाजूला काढून ठेवायला सांगता येतील. पार्टीला खरी गरज याचीच असते. फोनच्या तक्रारीला फार वेळ लागत नाही. पानावरचा नंबर स्वतः लावून बघा. बऱ्याचदा तो ऑफिसातला जुना लँडलाइन असतो.

मग फोन करा, पण ज्याच्याशी रोजचा व्यवहार आहे त्यालाच. रिव्ह्यू खरेदी विभागातल्या एखाद्याने स्वतःच्या नावाने लिहिलेला असतो आणि त्याच्या मालकाला पत्ताही नसतो. थेट मालकाकडे गाऱ्हाणं नेलंत, तर तो माणूस कायमचा तुटला. बदली माल कधी देणार ही तारीख मोल्डिंगच्या सुपरवायझरला विचारूनच ठरवा. चारचौघांत दिलेली तारीख चुकली, तर दुसरा रिव्ह्यू ठरलेलाच.

आता मसुदा. पार्टीने मराठीत लिहिलं असेल तर मराठीत, कन्नडमध्ये असेल तर कन्नडमध्ये उत्तर द्या. कन्नड मजकूर यंत्राने भाषांतर करून न चिकटवता कन्नड घरभाषा असलेल्या सहकाऱ्याकडून वाचून घ्या. नाहीतर मशिनिंगमधलं भोक राहतं बाजूला आणि सीमावादच रंगतो. मजकूर साधारण असा:

‘नमस्कार. माल ठरल्या तारखेपेक्षा आठ दिवस उशिरा पोहोचला आणि मशिनिंगमध्ये 14 नग बाद झाले, याबद्दल दिलगीर आहोत. बाद नग आम्ही आमच्या गाडीने परत नेत आहोत. बदली नग 27 तारखेपर्यंत पोहोचतील. फोन लागत नव्हता, ही आमची चूक. आता क्वालिटी विभागाचा मोबाईल नंबर या पानावर दिला आहे.’

यात ड्रॉइंग बदलल्याचा उल्लेख नाही, आणि तो मुद्दाम गाळलेला आहे. तो मुद्दा फोनवर आणि मेलवर बोलायचा. थकलेलं बिल, दर, पीओ नंबर यांतलं काहीही इथे येता कामा नये. थकबाकी काढणाऱ्या उत्तराने पुढचा खरेदीदार धास्तावतो, उद्या आपलाही हिशेब असाच चव्हाट्यावर येईल म्हणून. मसुद्यातला प्रत्येक ‘पण’ शोधा, त्याच्यापुढे बहुतेक वेळा वादच लपलेला असतो. ‘रिव्ह्यू काढा, मग बदली माल देतो’ किंवा ‘सूट देतो’ असंही सुचवू नका. मोबदला देऊन रिव्ह्यू बदलून घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि तो मेसेज स्क्रीनशॉट होऊन पानावर यायला वेळ लागत नाही. रिव्ह्यू ‘रिपोर्ट’ करायचा तो शिवीगाळ किंवा बनावट मजकूर असेल तरच. नुसता कडवट आहे म्हणून तो निघत नाही.

मसुदा रात्रभर ठेवा, सकाळी व्यवहाराशी संबंध नसलेल्या एकाला वाचायला द्या आणि दुसऱ्या दिवशी टाका. उत्तर कंपनीच्या नावाने दिसतं आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याला त्याची सूचना जाते. एका रिव्ह्यूखाली आपलं एकच उत्तर राहतं, मात्र ते नंतर दुरुस्त करता येतं. म्हणून 27 तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका. बदली नग पोहोचल्याचं पार्टीकडून कळलं की त्याच उत्तराच्या शेवटी एक ओळ जोडायची: ‘बदली 14 नग 26 तारखेला पोहोचले.’